तीन चिठ्ठ्या आणि एक शिडी

‘तुमच्या आयुष्यात सगळ्यात महत्त्वाचं काय?’ असं थेट विचारलं की माणूस सभ्य उत्तर देतो. कुटुंब, प्रामाणिकपणा, समाजाची सेवा. उत्तर खोटं नसतं, पण पंचेचाळिशीत रोज सकाळी ऑफिसला जायचं म्हटलं की पोटात गोळा का येतो, हे त्यातून काही कळत नाही. तुलना करायला लावली मात्र, की तोच माणूस स्वतःलाही ठाऊक नसलेलं काहीतरी बोलून जातो.

ही युक्ती जॉर्ज केली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. मंदीच्या काळात तो कॅन्ससमधल्या गावोगावी फिरून लोकांना मदत करायचा. प्रत्येक जण स्वतःच्या खास मोजपट्ट्यांनी जग मोजतो आणि त्या पट्ट्या तुलनेतच उघड्या पडतात, असं त्याचं म्हणणं. 1955 साली आलेल्या त्याच्या ग्रंथात त्याने सुचवलेली पद्धत अशी: तीन गोष्टी घ्या, त्यातल्या कोणत्या दोन एकमेकींसारख्या आणि तिसरीपेक्षा वेगळ्या ते सांगा. दोनच घेतल्या तर माणूस ‘ही चांगली, ती वाईट’ म्हणून मोकळा होतो. तिसरी आली की डोकं खाजवावं लागतं.

केलीने हे मुख्यतः ओळखीच्या माणसांबाबत वापरलं, पण कामांनाही ते छान लागू पडतं. गेल्या वर्षभरात केलेली सात-आठ कामं वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा. ‘प्रशासन’ असलं मोघम नको. ‘मार्चएंडचे रिपोर्ट’ असं नेमकं हवं. घरची एकदोन कामंही घाला. मग कोणत्याही तीन उचला.

समजा, सत्तेचाळीस वर्षांची एक बँक अधिकारी आहे. तीन वर्षांपूर्वी बढती मिळून ती शाखेतून विभागीय कार्यालयात आली आणि तेव्हापासून तिचं कशात मन लागत नाही. आपल्याला लोकांची सेवा करायची आहे, म्हणून नोकरी सोडून एखाद्या संस्थेत जावं, असं तिच्या मनात घोळतंय. तिच्या हाती तीन चिठ्ठ्या येतात: ऑडिटची तयारी, नव्या क्लार्कना शिकवणं आणि बचत गटांच्या बैठका. आपल्याला वाटेल, शिकवणं आणि बचत गट एका बाजूला जाणार, माणसांची कामं म्हणून. ती मात्र थोडा विचार करून म्हणते, ‘ऑडिट आणि शिकवणं सारखं. त्यांची तड लागते. बचत गटाचं संपतच नाही.’ ज्या ऑडिटच्या नावाने ती वर्षभर बोटं मोडते, ते तिच्या आवडत्या बाजूला जाऊन बसलं! मला या पद्धतीत सगळ्यात थक्क करणारी जागा हीच वाटते.

आता शिडी. केलीचाच विद्यार्थी डेनिस हिंकल याने 1965 च्या प्रबंधात हा पुढचा भाग बसवला. दोन टोकांपैकी तुम्हाला कुठलं हवं आणि का, एवढंच विचारत वर चढायचं. तड लागणं का हवं? ‘झालेलं काम समोर ठेवता येतं.’ ते का हवं? ‘हे मी केलं, असं म्हणता येतं.’ ते का? इथे ती बराच वेळ गप्प बसते. ‘आता माझ्या टेबलावरून फायली नुसत्या पुढे जातात. त्यात माझं काय, ते मलाच कळत नाही.’

इथेच थांबावं. आणखी एक ‘का’ विचारला की ‘समाधान मिळतं’ असं उत्तर येतं, आणि तिथे सगळ्यांच्याच शिड्या जाऊन टेकतात. म्हणून त्याच्या अलीकडची पायरी धरायची. उत्तरात ‘पाहिजे’, ‘शोभत नाही’ असे शब्द वाढले, की शिडी घरच्या मोठ्यांची आहे असं समजावं आणि दुसऱ्या तीन चिठ्ठ्या घ्याव्यात. एका फेरीवर विश्वास नको. चार-पाच फेऱ्यांत वेगवेगळ्या वाटांनी तीच पायरी पुन्हा आली, तर ती तुमची. उलट, प्रत्येक फेरीत ‘हे थकवतं, ते कमी थकवतं’ एवढंच निघत असेल, तर चिठ्ठ्या ठेवून द्या. आधी झोप, रजा, गरज पडली तर डॉक्टर.

वर चढल्यावर खाली उतरायचंही असतं, ‘हे प्रत्यक्षात कसं दिसेल?’ असं विचारत. संस्थेतलं काम तर बचत गटासारखंच न संपणारं. तिथे जाऊन तिची तीच गत झाली असती. घराचे हप्ते अजून बाकी आहेत आणि ते शिडीने फिटत नाहीत. पण एखाद्या शाखेची रखडलेली कर्जप्रकरणं पहिल्यापासून निकाली निघेपर्यंत माझ्याकडेच ठेवा, एवढं ती साहेबांकडे मागू शकते. साहेब नाही म्हणतील कदाचित. निदान बदलीच्या अर्जात विभाग कुठला मागायचा, हे तरी तिला आता ठरवता येईल.