बोनसच्या कायद्यातले दोन आकडे

दिवाळीच्या आधी कारखान्याच्या गेटवर बोनसची चर्चा सुरू झाली की दोन आकडे हमखास कानावर पडतात : २१,००० आणि ७,०००. बहुतेकांना दोन्ही आकडे ठाऊक असतात, पण कुठला कशासाठी, इथे गोंधळ होतो. हिशेबात कामगाराचे पैसे बुडतात ते बहुधा याच गोंधळात.

पहिला आकडा दाराचा. बोनस मिळणार की नाही, एवढंच तो ठरवतो. १९६५ च्या बोनस कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ही मर्यादा दरमहा १०,००० वरून २१,००० रुपयांवर गेली. पण हे २१,००० म्हणजे हातात पडणारा पगार नव्हे. बोनससाठी पगार म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता. घरभाडे भत्ता, ओव्हरटाइम, प्रवासभत्ता त्यात धरत नाहीत. त्यामुळे स्लिपवर एकूण २७,००० दिसत असले आणि बेसिक अधिक डीए १९,००० असेल, तर तो माणूस बोनसला पात्र आहे. 'तुझा पगार एकवीसच्या वर गेला' असं कुणी सांगितलं तर आधी स्लिपच्या वरच्या दोन ओळींची बेरीज करावी.

दारातून आत यायला आणखी एक अट आहे, वर्षात किमान ३० दिवस काम केलेलं असण्याची. वर्षभर टिकण्याची किंवा दिवाळीला नोकरीत असण्याची अट मुळीच नाही. एप्रिलमध्ये लागून ऑगस्टअखेर काम सोडलेल्या माणसालाही त्या पाच महिन्यांच्या पगारावर बोनस मिळतो. भरपगारी रजा, प्रसूतीची पगारी रजा, कामावरच्या अपघातामुळे घरी काढलेले दिवस, हे सगळे काम केलेले दिवस म्हणूनच मोजले जातात. हक्क जातो तो फसवणूक, चोरी, तोडफोड किंवा आवारातल्या हिंसक वर्तनापायी कामावरून काढलं गेल्यास. उशिरा येणं किंवा साहेबाशी वाद घालणं या यादीत नाही.

आता दुसरा आकडा. टक्केवारी कशावर लावायची, ते ७,००० ठरवतो. पगार याहून जास्त असला तरी तो ७,००० च आहे असं मानून बोनस काढायचा. पण कायद्याचं वाक्य तिथे संपत नाही. ७,००० किंवा त्या कामासाठी सरकारने ठरवलेलं किमान वेतन, यांपैकी जे जास्त असेल ते धरायचं. माझ्या मते कमी पगाराच्या माणसासाठी अख्ख्या कायद्यात याहून मोलाची ओळ नाही, आणि नेमकी तीच सोयीने विसरली जाते. महाराष्ट्रातल्या बहुतेक धंद्यांत किमान वेतन ७,००० च्या खूप पुढे गेलेलं आहे. शिवाय त्यातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, म्हणजे हिशेबाचा पायाही सरकतो.

उदाहरण घेऊ. भोसरीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला असलेल्या बाईंचं बेसिक आणि डीए मिळून १४,५०० रुपये आहे. त्यांच्या वर्गाचं किमान वेतन समजा वर्षभर १३,२०० राहिलं. किमान बोनस ८.३३ टक्के. ७,००० वर तो महिन्याला ५८३ रुपये आणि वर्षाचा ६,९९७ रुपये होतो. १३,२०० वर तोच महिन्याला सुमारे १,१०० आणि वर्षाचा १३,१९५ होतो. बाईंच्या खात्यात सात हजारांच्या आसपास रक्कम आली, तर हिशेब चुकीच्या पायावर झाला आहे हे एका नजरेत कळतं. म्हणूनच ६,९९७ हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

८.३३ म्हणजे शंभराचा बारावा भाग, वर्षाला एक महिन्याचा पगार. बावन्न आठवड्यांचे तेरा महिने होतात आणि इंग्रजांनी खाल्लेला तेरावा पगार म्हणजे बोनस, ही कथा दर दिवाळीला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. खरा इतिहास मुंबईच्या गिरण्यांचा आहे. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना अफाट नफा झाला, तेव्हा मालकांनी १९१७ मध्ये दहा आणि १९१८ मध्ये पंधरा टक्के युद्ध-बोनस दिला. पुढे तो बंद केल्यावर १९२४ मध्ये मोठा संप झाला. तो मागण्याचा कायदेशीर हक्क कामगारांना नाही, असा निर्वाळा तेव्हाच्या चौकशी समितीने दिला. हक्क यायला १९६५ उजाडलं, आणि तेव्हाही किमान दर चारच टक्के होता.

आज ८.३३ टक्के तोटा झाला तरी द्यावाच लागतो. अपवाद नव्या उद्योगांचा : पहिल्या पाच वर्षांत त्यांना फक्त नफ्याच्या वर्षी बोनस द्यावा लागतो. कमाल मर्यादा २० टक्के. या दोहोंमधला दर मालकाच्या मर्जीवर नसून वाटपयोग्य शिलकीवर ठरतो. नफ्यातून घसारा, कर आणि भांडवलावरचा ठरावीक परतावा वजा केल्यावर जे उरतं त्याचे साधारणपणे ६७ टक्के म्हणजे ही शिल्लक.

त्यातही मागचं वर्ष पुढच्या वर्षात शिरतं. समजा एका कंपनीत बोनससाठी धरायचे पगार वर्षाला एक कोटी आहेत. किमान बोनस झाला ८.३३ लाख. यंदा वाटपयोग्य शिल्लक पाचच लाख, तरी ८.३३ द्यावेच लागतात आणि ३.३३ लाखांची तूट पुढे ओढली जाते. पुढच्या वर्षी शिल्लक १५ लाख झाली तर तूट वजा जाऊन ११.६७ लाख उरतात, म्हणजे ११.६७ टक्के बोनस. २० टक्क्यांवरची जादा शिल्लकही अशीच, एका मर्यादेत, पुढे जाते. ही ओढाताण चार वर्षांपर्यंत चालते. म्हणून धंदा जोरात असूनही दर कमी दिसला तर लगेच लबाडी समजू नये. आधी मागच्या चार वर्षांचा तक्ता मागावा.

मिठाईचा डबा आणि भांड्यांचा सेट हा बोनस नव्हे. मात्र काही ठिकाणी बोनस दरमहा पगारातच आगाऊ दिलेला असतो. स्लिपवर तशी वेगळी ओळ असेल तर ती रक्कम वजा करता येते. दिवाळीचा मुहूर्त कायद्यात कुठेच नाही. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत पैसे द्यायचे, म्हणजे मार्चअखेर वर्ष संपत असेल तर ३० नोव्हेंबरपर्यंत. महापालिका कर्मचाऱ्यांना मिळतं ते सानुग्रह अनुदान. तो या कायद्यातला बोनस नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आणि १९६५ चा कायदा तिच्यात सामावला. २० किंवा अधिक कामगारांची अट, ८.३३, २०, तीस दिवस, आठ महिने हे सगळं तसंच आहे. पण २१,००० आणि ७,००० हे आकडे संहितेत लिहिलेले नाहीत. ते सरकारने अधिसूचनेने ठरवायचे आहेत. लैंगिक छळाबद्दल दोषी ठरून काढलेल्याला बोनस नाही, हे कलम नवं आहे. पगाराची व्याख्याही बदलली : भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग पगारातच धरायचा. एकूण ४४,००० मध्ये बेसिक आणि डीए २०,००० असेल तर आता पगार २२,००० मानला जाईल. मर्यादा २१,००० च धरली तर जुन्या व्याख्येने पात्र असलेला हा माणूस दाराबाहेर राहतो. बोनस थकला तर दाव्यासाठी संहितेने तीन वर्षांची मुदत दिली आहे, तेव्हा नोकरी सोडतानाही पगाराच्या स्लिपा फेकू नयेत.