चिन्हाच्या टोकावरचं वर्तुळ

संगणकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत सर्किटचं चित्र देऊन ट्रुथ टेबल विचारतात, तेव्हा बऱ्याच चुका गणितापेक्षा चित्र वाचण्यात होतात. डी अक्षरासारखी सपाट पाठ असलेलं चिन्ह म्हणजे अँड गेट, पाठीला बाक असलेलं ऑर गेट. टोकाशी छोटं वर्तुळ असेल, तर उत्तर उलटं होतं. छपाईत ते सहज नजरेतून निसटतं.

एक उदाहरण घेऊ. ए आणि बी एका अँडसारख्या चिन्हात जातात, त्याच्या टोकाला वर्तुळ आहे. म्हणजे हे नँड गेट. सी नॉट गेटमधून जातो. दोन्ही तारा शेवटी ऑर गेटमध्ये मिळतात. मधल्या तारांना चित्रावरच पी आणि क्यू अशी नावं द्यावीत आणि तक्त्यात त्यांचे वेगळे रकाने आखावेत. तीन इनपुट, म्हणून ८ ओळी. सी ० असेल तर क्यू १, आणि ऑरला तेवढं पुरतं, म्हणून चार ओळींचं उत्तर लगेच १. सी १ असेल तर उत्तर पीवर ठरतं. पी फक्त ए आणि बी दोन्ही १ असताना ० होतो. म्हणून ० एकाच ओळीत येतो, तिन्ही इनपुट १ असताना.

वर्तुळ सुटलं, तर सी १ असलेल्या चारही ओळी उलट्या येतात, उरलेल्या चार मात्र बरोबरच राहतात. तक्ता ०, ०, ० पासून सुरू होत असल्याने पहिली ओळ तपासून ही चूक सापडतच नाही. पडताळणी १, १, १ वर करावी.