घर बदललं, राउटर अजून जुन्याच पत्त्यावर

घर बदलताना फ्रिजला गादी गुंडाळली जाते, काचेच्या कपाटावर 'सांभाळून' लिहिलं जातं आणि राउटर अडॅप्टरसकट एखाद्या पिशवीत कोंबला जातो. नव्या घरी फायबरवाला येतो, आपला बॉक्स भिंतीवर ठोकतो, दिवे हिरवे करून निघून जातो. आपण जुना राउटर त्या बॉक्सला जोडतो. मोबाईलवर वायफायचं ओळखीचं नाव दिसतं, पट्ट्याही भरलेल्या असतात, पण नेट येत नाही. मग 'प्रवासात राउटर आपटला वाटतं' असा निकाल लागतो आणि नवा राउटर घरात येतो. अनेकदा तोही चालत नाही, कारण मुळात यंत्र बिघडलेलंच नसतं. जुना राउटर अजून जुन्या कंपनीच्या पद्धतीने नेट मागत असतो आणि नव्याला नव्या कंपनीची पद्धत कोणी सांगितलेलीच नसते.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. जुनं घर डोंबिवलीत. तिथे केबलवाल्याने गच्चीवरून साधी नेटवर्कची वायर थेट घरात आणली होती. राउटरमध्ये लॉगिनचा प्रकार होता `Dynamic IP`, म्हणजे ना नाव, ना पासवर्ड. वायर खोचली की नेट सुरू. नवं घर पुण्यात, कोथरूडला. तिथे फायबर आहे, आणि कंपनीचं म्हणणं असं की ग्राहकाने आधी युजरनेम-पासवर्ड देऊन ओळख पटवायची. या प्रकाराचं नाव `PPPoE`. राउटर `Dynamic IP` वरच राहिला, तर तो नुसता पत्ता मागत बसतो आणि पलीकडून कोणी उत्तर देत नाही. राउटरच्या स्टेटसच्या पानावर `WAN IP` समोर `0.0.0.0` दिसतं, ते याचंच लक्षण.

पण कुठलीही सेटिंग बदलण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: लॉगिन नक्की कोण करतंय? हल्ली कंपनीचा फायबर बॉक्स बहुधा स्वतःच राउटर असतो आणि लॉगिनही तोच करतो. तसं असेल तर आपल्या राउटरमध्ये `Dynamic IP` च ठेवायचं. युजरनेम भरण्याची गरजच नाही. ओळखायची खूण अशी, की आपल्या राउटरला `WAN IP` म्हणून `192.168` ने सुरू होणारा पत्ता मिळालेला असतो. फक्त दोन्ही यंत्रांनी घरात `192.168.1.1` हाच पत्ता धरला असेल तर गोंधळ होतो. आपल्या राउटरचा बदलून `192.168.5.1` असा काही केला की भागतं. कंपनीने बॉक्स 'ब्रिज मोड'वर ठेवला असेल, तर मात्र तो फक्त फायबरचं वायरमध्ये रूपांतर करतो आणि लॉगिनची जबाबदारी आपल्या राउटरवर येते. कोथरूडच्या घरात हेच होतं.

इथे पासवर्डांची सरमिसळ ठरलेली. वायफायचा पासवर्ड वेगळा, राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा वेगळा, बिल भरायच्या ॲपचा वेगळा आणि `PPPoE` चा आणखी वेगळा. कंपनीकडून शेवटचा हवा असतो, आणि फोनवर 'पासवर्ड द्या' एवढंच म्हटलं की बहुतेकदा ॲपचा मिळतो.

आता टॅगिंग. एकाच फायबरवरून इंटरनेट, लँडलाइनचा आवाज आणि टीव्ही असं तिन्ही जाऊ शकतं. ते एकमेकांत मिसळू नये म्हणून डेटाच्या प्रत्येक पाकिटावर एक क्रमांक चिकटवतात, त्याला व्हीलॅन टॅग म्हणतात. हा क्रमांक १ ते ४०९४ मधला काहीही असू शकतो आणि तो कंपनी ठरवते. लोकलचा पास अगदी खरा आहे, पण आपण उभे आहोत भलत्याच फलाटावर, तर गाडी मिळणार नाही. युजरनेम-पासवर्ड बरोबर आणि टॅग चुकीचा, ही गत तशीच. शेजाऱ्याचा किंवा नेटवर सापडलेला क्रमांक टाकून पाहण्यात अर्थ नाही. एकाच कंपनीचं कनेक्शन दुसऱ्या गावात नेलं तरी क्रमांक बदललेला असू शकतो, कारण तिथलं पलीकडचं यंत्र वेगळं असतं.

आणि टॅग एकदाच लागायला हवा. बॉक्स स्वतः टॅग लावत असेल, तर राउटरमध्ये तो बंद. बॉक्स पाकिटं जशीच्या तशी पुढे ढकलत असेल, तर राउटरमध्ये चालू. दोघांनी लावला तरी नेट नाही, कोणीच लावला नाही तरी नाही. गंमत म्हणजे ही सेटिंग बऱ्याच राउटरांत इंटरनेटच्या पानावर नसतेच. टीपी-लिंकच्या अनेक मॉडेलांत ती `IPTV/VLAN` नावाच्या पानावर असते, म्हणून टीव्हीशी संबंध नसलेला माणूस तिथे फिरकतच नाही.

चूक टॅगची की पासवर्डची, हे राउटरच सांगतो. त्याच्या `System Log` मध्ये ओळख पटवण्यात अपयश, म्हणजे `authentication failed` सारखं काही असेल, तर आनंद माना: आपला निरोप पलीकडे पोचला आहे, म्हणजे वायर आणि टॅग ठीक आहेत. युजरनेम-पासवर्ड पुन्हा तपासा, किंवा कंपनीने खातं अजून चालू केलं नसेल. पण उत्तराची वाट पाहून `timeout` होत असेल, विशेषतः `PADO` हा शब्द दिसत असेल, तर पलीकडून कोणी बोललंच नाही. तेव्हा पासवर्ड दहा वेळा भरून उपयोग नाही; टॅग, वायरचं पोर्ट आणि ब्रिज मोड पाहायचा. बॉक्सवर `LOS` चा लाल दिवा असेल तर हे सारं सोडा. फायबरमध्येच दोष आहे, माणूस बोलवा.

लॉगिन झालं, तरी जुन्या घराचे अवशेष त्रास देतात. हाताने भरलेला जुन्या कंपनीचा `DNS` तसाच राहिला, तर लॉगिन दिसतं पण एकही साइट उघडत नाही. तो `Auto` करावा. दुसरं म्हणजे `MTU`, एका पाकिटाचा कमाल आकार. साध्या जोडणीत तो १५०० असतो, पण `PPPoE` स्वतःसाठी ८ बाइट घेतं, म्हणून १४९२ उरतो. इथे गडबड असली तर काही साइट पटकन उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात. विंडोजवर हे करून पाहता येतं:

```
ping -f -l 1464 8.8.8.8
```

याला उत्तर आलं तर १४९२ चालतो, कारण १४६४ मध्ये वरचे २८ बाइट मिळवायचे असतात. न आल्यास आकडा थोडा थोडा कमी करत जावा आणि जो चालेल त्यात २८ मिळवून `MTU` मध्ये भरावा.

उलट प्रवासात, म्हणजे फायबरवरून केबलवाल्याकडे जाताना, टॅग बंद करायला विसरू नका. तिथे आणखी एक अडचण येते: काही केबलवाले आपल्या यंत्राचा मॅक क्रमांक नोंदवून ठेवतात आणि दुसऱ्या यंत्राला नेट देत नाहीत. अशा वेळी त्यांना राउटरच्या `WAN` चा मॅक क्रमांक कळवला की काम होतं.

तेव्हा जुनं घर सोडण्यापूर्वी राउटरच्या इंटरनेट आणि व्हीलॅनच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. नव्या घरी बॉक्स ब्रिजवर आहे का, लॉगिन कोणत्या प्रकारचं आणि टॅग किती, कोण लावणार, हे फायबरवाला दारातून बाहेर पडण्याआधी विचारून लिहून घ्या. आणि काहीही अडलं तरी कंपनीच्या बॉक्सचं बारीक रिसेटचं बटण टाचणीने दाबू नका. कंपनीने भरलेल्या सेटिंग त्यातून पुसल्या जाऊ शकतात आणि मग त्याच माणसाची पुन्हा वाट पाहावी लागते.