चेहरा झिजलेला टाक

खंडोबाचा एक टाक समोर ठेवू. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला, तळहातात सहज मावेल एवढा. घोडा दिसतो, घोड्यावरचा देव दिसतो, त्याच्या मागे बसलेली म्हाळसा दिसते, खाली कुत्राही आहे. देवाला चेहरा मात्र नाही. नाक-डोळ्यांच्या जागी नुसती गुळगुळीत चांदी. संग्रहालयाच्या नोंदवहीत अशा वस्तूपुढे बहुधा एवढंच असतं : ‘टाक, चांदी, १९वे शतक, स्थिती : झिजलेली.’

पूजेच्या वस्तूंचं प्रदर्शन भरतं तेव्हा कपाटाजवळच्या पाटीला पन्नास-साठ शब्द मिळतात. बाकीचं सगळं पुस्तिकेतल्या लेखावर पडतं, आणि तो लेख दोघे वाचतात. एक अभ्यासक, दुसरी घरच्या देव्हाऱ्यात असाच टाक असलेली बाई. बरेच लेखक आधी अभ्यासकासाठी लिहितात आणि मग अवघड शब्द काढून तिच्यासाठी सोपं करतात. मला हे पटत नाही. तिला वस्तू आपल्यापेक्षा जास्त माहीत असते. मी असा लेख ‘झिजलेली’ या एका शब्दापासून सुरू करीन, कारण तिथे दोघांचाही रस्ता एकच आहे.

टाक झिजतो तो स्नानाने. रोज ताम्हणात घालून त्याला पाणी घालायचं, फडक्याने पुसायचं, बोटाने गंध लावायचं, भंडारा वाहायचा. मधूनच चिंच किंवा राख लावून घासायचं. दोन-तीन पिढ्यांत वर आलेला भाग आधी जातो : देवाचं नाक, गुडघा, घोड्याचं तोंड. खोलातल्या रेघा शाबूत राहतात. अशी झीज म्हणजे हाताची झीज. टाक पडला, चेपला, तर कड दुमडते किंवा पत्रा एखाद्याच ठिकाणी चिरतो. नोंदवहीत दोन्हींना ‘खराब’ म्हणतात. लेखात ती निराळी सांगायला हवीत, कारण पहिली खराबी नाहीच, तो वापराचा पुरावा आहे. म्हणून छायाचित्रासाठी टाक चकचकीत करू नये. खाचेत अडकलेली हळद एकदा धुऊन गेली की ती कोणत्याच टिपेत परत आणता येत नाही.

‘१९वे शतक’ हाही शब्द तपासावा लागतो. पुष्कळ टाक ठशावर पत्रा ठेवून ठोकलेले असतात. ठसा कारागिराच्या घरात बापाकडून मुलाकडे जातो. त्यामुळे घोड्याचं खोगीर, देवाची पगडी बघून आपण काळ ठरवतो तो ठशाचा. पत्रा त्यावर कितीतरी वर्षांनी ठोकलेला असू शकतो. त्यात बाजारातून आलेले पुष्कळ टाक सराफाच्या मोडीतून वाचलेले असतात, म्हणजे घर, गाव, कूळ सगळं तुटलेलं. तेव्हा ‘बहुधा’ हा शब्द न लाजता छापावा.

खरी कसरत गोष्टीत आहे. संस्कृत ‘मल्हारी माहात्म्या’त खंडोबा हा मणी आणि मल्ल या दैत्यांना मारणारा शंकराचा अवतार, मार्तंड भैरव. धनगरांच्या ओव्यांत तो बाणाईसाठी तिच्या घरी मेंढ्या राखायला राहतो. कर्नाटकात त्याच देवाला मैलार म्हणतात, तेलंगणात मल्लण्णा. लेखक पहिली गोष्ट मजकुरात घेतो आणि दुसरी ‘लोकसमजूत’ म्हणून तळटीपेत ढकलतो, तेव्हा त्याने नकळत एक बाजू घेतलेली असते. गुंथर सोंथायमर यांनी पुण्यात राहून धनगरांमध्ये वर्षानुवर्षं काम केलं. त्यानंतर तरी ही चूक माफ होऊ नये. दोन्ही गोष्टी मजकुरातच याव्यात, आणि कोण सांगतं तेही यावं.

‘असे मानले जाते’ हे वाक्य मी दिसेल तिथे खोडतो. कोण मानतं? ‘नवा टाक जेजुरीला नेऊन देवाला भेटवतात’ असं लिहिलं की माणसं दिसतात. इथे ‘नेत असत’ हा भूतकाळही चुकीचाच, कारण लोक आजही नेतात. टाक काचेच्या कपाटात गेला म्हणून घरातली पूजा थांबलेली नसते.

शेवटी छायाचित्राचं भांडण राहतं. पुस्तिका मांडणाऱ्याला समोरची बाजू हवी असते, चौकट बसते, चांदी चमकते. मी मागची बाजूही मागतो. या टाकाला तांब्याची पाठ जोडलेली नाही, त्यामुळे उलटा केला की पत्र्यातली पोकळी उघडी दिसते. तिथे ना गंध लागलं, ना फडकं फिरलं. तिरका उजेड टाकला की पुढून पुसून गेलेला चेहरा त्या खोलगटात सापडतो, उलटा, पण मिशांसकट.