मारणारा, मारवणारा आणि मारू पाहणारा

भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन आपली अवस्था सांगताना तोंडाला कोरड पडल्याचं सांगतो. तिथे धातू आहे ‘शुष्’ आणि रूप ‘परिशुष्यति’. तोंड आपोआप सुकतंय, कुणी सुकवत नाही. दुसऱ्या अध्यायात कृष्ण म्हणतो की आत्म्याला वारा सुकवू शकत नाही. धातू तोच, पण रूप ‘शोषयति’. या ‘अय’मुळे वाक्यात सुकवणारा कर्ता आला. संस्कृत व्याकरणात याला णिजन्त किंवा प्रयोजक रूप म्हणतात. मराठीतही सुकणे-सुकवणे, करणे-करवणे अशा जोड्या आहेत, त्यामुळे ते आपल्याला परकं वाटत नाही.

खरी गंमत धातू मुळात सकर्मक असतो तेव्हा येते. ‘हन्’ म्हणजे मारणे. त्याचं प्रयोजक रूप ‘घातयति’. ‘ह’चा ‘घ’ होतो, ‘न’चा ‘त’ होतो आणि स्वर लांबतो, त्यामुळे मूळ धातू सहज ओळखू येत नाही. अर्थ होतो ‘मारवतो’, म्हणजे दुसऱ्याच्या हातून मारतो. आता एका कृतीला दोन कर्ते झाले. पाणिनी करवणाऱ्यालाही कर्ताच मानतो आणि शिवाय त्याला ‘हेतु’ अशी वेगळी संज्ञा देतो.

दुसऱ्या अध्यायाच्या एकविसाव्या श्लोकात ‘हन्ति’ आणि ‘घातयति’ शेजारी शेजारी आहेत. आत्मा अविनाशी आहे हे ज्याला कळलं, तो कुणाला कसा मारेल, कुणाला कसा मारवेल, असा तो प्रश्न आहे. मारण्याचा प्रश्न अर्जुनाचा. मग मारवण्याचा कशाला काढला? रथावर बसून ‘लढ’ म्हणणारा कृष्णच आहे. टीकाकार श्रीधरस्वामी यातून नेमका हाच अर्थ काढतात: मी तुला प्रवृत्त करतो म्हणून माझ्याकडेही दोष लावू नकोस. ‘घातयति’ नसतं, तर या अर्थाला श्लोकात जागाच उरली नसती.

दुसरं रूप इच्छेचं, सन्नन्त. धातूचं पहिलं अक्षर दुणावतं आणि शेवटी ‘स’ किंवा ‘ष’ येतो. ‘जीव्’पासून ‘जिजीविष’, ‘युध्’पासून ‘युयुत्स’, ‘हन्’पासून ‘जिघांस’. पुढे ‘उ’ लावला की ती इच्छा बाळगणारा माणूस: युयुत्सु, जिघांसु. पाणिनीची इथे एक अट आहे. इच्छा करणारा आणि क्रिया करणारा एकच हवा. ‘मला जगायचंय’ हे सन्नन्ताने सांगता येतं, ‘तू जगावास असं मला वाटतं’ हे नाही. म्हणून अर्जुन जेव्हा म्हणतो की यांना मारून आम्हाला जगण्याचीच इच्छा नाही, तेव्हा ‘जिजीविषामः’ या एका क्रियापदात ती इच्छाही आणि ते जगणंही त्याचंच असतं.

त्याच सूत्रात पाणिनीने ‘वा’ म्हटलंय, म्हणजे हे रूप ऐच्छिक आहे. कवीला हे सोयीचं पडतं. धृतराष्ट्राच्या पहिल्याच श्लोकात ‘युयुत्सवः’ हा शब्द एका चरणाच्या शेवटी आहे. अनुष्टुभाच्या सम चरणाच्या अखेरीस लघु-गुरू-लघु असा क्रम लागतो आणि शेवटचं अक्षर मोकळं असतं. ‘युयुत्सवः’ त्यात अचूक बसतो. पुढे अर्जुन तीच गोष्ट ‘योद्धुकाम’ या सामासिक शब्दाने सांगतो. तो शब्द चरणाच्या आरंभी येतो, जिथे बंधनं सैल असतात. अर्थाकडेही बघा. धृतराष्ट्र युद्धाच्या इच्छेने जमलेल्यांनी काय केलं, असं विचारतो. इच्छा त्याला माहीत आहे, कृती नाही. ‘लढणारे’ म्हटलं असतं तर प्रश्नाचा अर्थच बदलला असता.

रूप ओळखलं की अर्थ हाती आला, असं मात्र नाही. ‘अय’ दिसलं म्हणून ‘चोरयति’ म्हणजे ‘चोरी करवतो’ होत नाही. चुरादी गणातल्या धातूंना अर्थ न बदलताच ते लागतं, आणि ‘चिन्तयति’, ‘कथयति’ तसेच. सन्नन्तातही असंच आहे. अर्जुनाला कृष्ण सुखदुःख ‘तितिक्षस्व’, म्हणजे सोस, असं सांगतो. रूप सन्नन्ताचं आहे, पण त्यात इच्छा नाही. चिकित्सा, मीमांसा, जुगुप्सा हे मराठीतले शब्दही याच घराण्यातले. ‘मुमूर्षु’ तर आणखी फसवा. शब्दशः मरू इच्छिणारा, पण प्रत्यक्षात मरणाला टेकलेला. वैयाकरणांचं उदाहरण याहून स्पष्ट आहे. कोसळायला आलेल्या नदीकाठाला ते ‘पिपतिषति’ म्हणतात. काठाला इच्छा कुठली? म्हणून अशा ठिकाणी ‘आता होईलच’ ही शंका, असा अर्थ घ्यावा, असं त्यांनी वेगळं नोंदवून ठेवलंय. श्लोक वाचताना सन्नन्त दिसलं की आधी कर्ता सजीव आहे का आणि इच्छा त्याला शोभते का, हे पाहावं. आणि ‘अय’ दिसलं की ज्याच्याकडून काम करवलं तो दुसरा कर्ता वाक्यात शोधावा. तो नसला, तर धातू चुरादी गणातला आहे का, हे धातुपाठात तपासावं.