‘आर्द्रता धारण करण्याची क्षमता’ म्हणजे वावरातली ओल : पाठ केलेलं उत्तर स्वतःच्या शब्दांत कसं लिहायचं?

‘काळ्या मृदेत कापसाचे पीक चांगले येते. भौगोलिक कारणे लिहा.’

भूगोलाच्या पेपरातला हा जुना ओळखीचा प्रश्न. अमरावती-अकोल्याकडच्या पोरांना तर तो हातचा वाटायला हवा. वावर काळ्या मातीचं, त्यात पराटी उभी आणि दिवाळीच्या आगेमागे घरात कापसाचा ढीग. पण पेपर उघडून बघितला, तर उत्तर बहुतेक वेळा असं असतं :

‘दख्खनच्या पठारावरील बेसॉल्ट खडकाच्या दीर्घकालीन विदारणातून रेगूर मृदेची निर्मिती झालेली असून सदर मृदेत चुना, लोह, मॅग्नेशियम इत्यादी खनिजद्रव्यांचे प्रमाण विपुल असते. तसेच सूक्ष्म कणांच्या प्राबल्यामुळे तिची आर्द्रता धारण करण्याची क्षमता अधिक असल्याने कापूस या पिकाच्या वाढीस ती अत्यंत पोषक ठरते.’

उत्तर चूक नाही. पण हे लिहिणाऱ्या मुलीला पुस्तक बंद करून विचारा, ‘पोषक ठरते म्हणजे नेमकं काय होतं?’ बहुतेक वेळा गाडी तिथंच अडते. आणि पेपरात ‘प्राबल्यामुळे’ हा एक शब्द आठवला नाही, तर त्याच्या पुढचं सगळं वाक्यच गायब होतं, कारण ते वाक्य अर्थानं नाही, चालीनं लक्षात ठेवलेलं असतं.

मग हेच उत्तर स्वतःच्या शब्दांत आणायचं कसं? अवघड शब्द काढून सोपे शब्द घालायचे, असा पहिला विचार डोक्यात येतो. ‘विपुल’च्या जागी ‘भरपूर’, ‘सदर’च्या जागी ‘ही’. पण एवढ्यानं फार काही होत नाही. उत्तर सोपं दिसतं, कळलेलं मात्र नसतं.

खरी सुरुवात बोलण्यापासून होते. पुस्तक मिटायचं आणि घरातल्या कुणाला तरी तोंडी सांगायचं, तेही घरच्याच बोलीत. वऱ्हाडातल्या घरात ते साधारण असं येईल : ‘काळ्या मातीत पानी लवकर आटत नाही. पाऊस गेला तरी खाली ओल राह्यते. पराटीची मुळी खोल जाते, तिले ते पानी भेटते.’

आता हे तीन तुकडे वरच्या छापील उत्तराशेजारी ठेवून बघा. ‘पाऊस गेला तरी’ आणि ‘मुळी खोल जाते’ या दोन गोष्टी छापील उत्तरात नाहीतच! आणि खरं कारण त्यातच दडलंय. वऱ्हाडात कापूस प्रामुख्यानं कोरडवाहू. पेरणी जून-जुलैत, पावसाच्या भरवशावर. सप्टेंबर संपता संपता पाऊस जायला लागतो, पण पराटीचं काम तेव्हा अर्धंच झालेलं असतं. बोंडं भरायची, फुटायची, मग वेचणी. हे पुढचे महिने पीक कशावर काढतं? तर पावसाळ्यात मातीनं खाली साठवून ठेवलेल्या ओलीवर. हलक्या मुरमाड जमिनीत ही ओल लवकर संपते, भारी काळ्या जमिनीत टिकते. पराटीला सोटमूळ असल्यामुळे ते खोलवर जाऊन ती ओल ओढून घेतं.

‘आर्द्रता धारण करण्याची क्षमता अधिक असल्याने’ आणि ‘पोषक ठरते’ या दोन टोकांमधला हा सगळा पूल छापील उत्तरानं गिळून टाकलेला असतो. ‘असल्याने’ हा शब्द दिसला की वाचणाऱ्याला वाटतं, कारण मिळालं. म्हणून पाठ केलेल्या उत्तरात ‘असल्याने’, ‘झाल्यामुळे’, ‘पोषक ठरते’, ‘महत्त्वाची भूमिका बजावते’ असे शब्द दिसले की तिथं बोट ठेवायचं आणि विचारायचं : काहून? कसं काय? याचं उत्तर देता आलं नाही, तर समजायचं की एवढा भाग नुसता पाठ आहे.

दुसरं काम म्हणजे कोणते शब्द ठेवायचे आणि कोणते सोडायचे हे ठरवणं. इथं पोरं दोन्हीकडून चुकतात. काही जण सगळंच जसंच्या तसं ठेवतात, तर काही जण उत्साहाच्या भरात विषयाचे शब्दही काढून टाकतात. ‘सदर’, ‘विपुल’, ‘प्राबल्य’, ‘इत्यादी खनिजद्रव्ये’ हे सरकारी कागदावरचे शब्द. ते गेले तर अर्थाला धक्का लागत नाही. पण ‘बेसॉल्ट’, ‘विदारण’, ‘रेगूर’ हे विषयाचे शब्द आहेत. पेपर तपासणारा मुद्दे शोधत असतो आणि मुद्दा याच शब्दांवरून ओळखू येतो. ‘स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर मार्क कापले जातील’ ही भीती खरी ठरते ती हे शब्द गाळले तरच.

यात ‘विदारण’ हा शब्द फसवा आहे. सोपं करायच्या नादात पुष्कळ जण तिथं ‘झीज’ लिहितात. पण विदारण म्हणजे ऊन, पाणी, हवा यांच्यामुळे खडक जागच्या जागी फुटणं, कुजणं, भुगा होणं. तो भुगा पाण्यानं किंवा वाऱ्यानं वाहून नेला की त्याला झीज म्हणतात. शब्द बदलला की गोष्टच बदलते. म्हणून असा शब्द तसाच ठेवून त्याच्या पुढे चार साध्या शब्दांत अर्थ लिहावा. त्यानं तपासणाऱ्यालाही कळतं की मुलीला शब्द समजलाय.

उलट बाजूनं होणारी चूक म्हणजे फुगवणं. स्वतःच्या शब्दांत लिहिताना ‘काळी माती एवढी सुपीक असते की तिला खताची गरजच नसते’ अशी वाक्यं सहज येतात. काळ्या मातीत चुना, लोह, मॅग्नेशियम चांगलं असतं हे खरं, पण नत्र, स्फुरद आणि सेंद्रिय पदार्थ कमी असतात. वऱ्हाडातला शेतकरी पराटीला खत देतो तो काही हौसेनं नाही. छापील उत्तरात जेवढा दावा आहे, त्यापेक्षा मोठा दावा आपल्या वाक्यात आला का, हे एकदा ताडून बघावंच लागतं.

आता बोलीचा प्रश्न. ‘पानी’, ‘राह्यते’, ‘मुळीले’ हे पेपरात लिहायचं का? नाही. बोली इथं विचार मोकळा करायला आहे, पेपर प्रमाण मराठीत लिहायचा. पण वाक्यांची रचना बोलण्यातली राहू द्यावी : लहान वाक्यं, एका वाक्यात एकच गोष्ट आणि जे आधी घडतं ते आधी. ‘ओल’ हा शब्द मात्र खुशाल ठेवावा. तो प्रमाण मराठीतही चालतो आणि ‘आर्द्रता’पेक्षा नेमका आहे, कारण आर्द्रता म्हटलं की हवेतली आर्द्रताही डोक्यात येते.

हे सगळं करून तयार झालेलं उत्तर असं दिसेल :

‘काळी मृदा, म्हणजे रेगूर मृदा, बेसॉल्ट खडकाचे विदारण होऊन, म्हणजे तो ऊन-पाण्याने फुटून बारीक होऊन तयार झाली आहे. या मृदेचे कण अतिशय बारीक असतात. त्यामुळे पावसाचे पाणी तिच्यात बराच काळ टिकून राहते. कापसाचे पीक पावसाळा संपल्यानंतरही काही महिने शेतात असते. त्याची मुळे खोल जात असल्याने त्याला मृदेतील ही साठलेली ओल मिळते. या मृदेत चुना, लोह, मॅग्नेशियम ही खनिजेही असतात. म्हणून काळ्या मृदेत कापसाचे पीक चांगले येते.’

लांबी थोडी वाढली, पण पाठ करावी अशी एकही ओळ यात नाही. खडक, बारीक कण, टिकणारं पाणी, पाऊस गेल्यावरचं पीक, खोल मुळं ही साखळी लक्षात राहिली की वाक्यं प्रत्येक वेळी नवी लिहिता येतात. खनिजांची तीन नावं तेवढी लक्षात ठेवावी लागतात. नावं, सूत्रं, व्याख्या, कविता हे पाठच करायचं असतं, तिथं ‘स्वतःचे शब्द’ आणायला जाऊ नये.

उत्तर खरंच आपलं झालं का, हे बघायची पद्धत सोपी आहे. प्रश्न फिरवायचा. ‘उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा का पडतात?’ पाठ केलेल्या उत्तरात याला जागाच नाही. पण साखळी कळली असेल, तर मुलगी ‘बारीक कण’ या कडीपाशी येते. या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. आकसली की जमीन फाटते. आणि ‘जास्त पाऊस झाला की याच जमिनीत पराटी पिवळी का पडते?’ कारण तेच. बारीक कणांतून पाणी लवकर निचरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. ज्या गुणामुळे कापूस येतो, त्याच गुणामुळे तो बसतोही.

तिसरा फिरवलेला प्रश्न दर्यापूर, अकोट भागातल्या मुलांना घरीच सापडतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलाय. माती काळी, खोल, भारी. छापील उत्तराप्रमाणे इथं सगळं उत्तमच असायला हवं. पण जमिनीखालचं पाणी खारं. विहीर किंवा बोअर असूनही ते पाणी पिकाला सतत देता येत नाही, कारण त्यातलं सोडियम चिकणमातीत साठलं की कण एकमेकांपासून सुटे होतात, मातीतल्या बारीक वाटा बुजतात आणि पाणी आत मुरेनासं होतं. माती काळीच राहते, पण ‘ओल धरून ठेवणारी’ हे वर्णन तिला पूर्वीसारखं लागू पडत नाही. म्हणून तिथं पावसाचं गोडं पाणी शेततळ्यात अडवून तेच पिकाला द्यायचा मार्ग धरला जातो.

इथवर येताना या मुलीनं पुस्तकात नसलेला एकही अवघड शब्द वापरलेला नसतो. ‘बारीक कण’ आणि ‘ओल’ या दोनच गोष्टी ती पुढं नेत आली. आता पेपरात ‘खारपाणपट्ट्यात ओलिताची शेती कमी का?’ असा प्रश्न आला, तर गाईडमध्ये त्याचं उत्तर आहे का हे तिला शोधावं लागत नाही.