पाटी बदला, ओळख नको

दिवाळीच्या तोंडावर एका तालुक्याच्या गावातल्या व्यापारी मंडळाने मला बोलायला बोलावले. विषय त्यांनीच ठरवला होता : 'दुकानाचा चेहरामोहरा कसा बदलावा?' माझा धंदा पाट्या, पिशव्या आणि खोकी आखून देण्याचा. त्यामुळे मी नव्या पाटीची तरफदारी करणार, असे त्यांनी धरले होते. मी नेमके उलटे बोललो. ते भाषण थोडे सावरून इथे देत आहे, कारण ज्याचे गल्ल्यावर दुकान आहे त्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो.

मंडळी, सुरुवात एका संत्र्याच्या रसाने करतो. अमेरिकेत 'ट्रॉपिकाना' नावाचा रस मिळतो. त्याच्या खोक्यावर वर्षानुवर्षे एक चित्र होते : एक संत्रे आणि त्यात थेट खुपसलेली नळी. जानेवारी २००९मध्ये कंपनीने हे खोके बदलले. संत्रे आणि नळी गेली, त्याजागी रसाने भरलेला ग्लास आला. नाव आडवे होते ते उभे झाले, अक्षरे बारीक झाली. रस तोच होता, किंमतही तीच. पण दोन महिन्यांच्या आतच विक्री सुमारे वीस टक्क्यांनी घसरली आणि फेब्रुवारी संपायच्या आधीच कंपनीने जुने खोके परत आणायचे जाहीर केले.

असे का झाले? दुकानात फडताळासमोर उभा असलेला माणूस नाव वाचत नाही. तो आधी रंग बघतो, मग आकार, मग ओळखीचे चित्र, आणि हात पुढे करतो. नाव वाचायची वेळ त्याच्यावर येते ती खात्री नसली तरच. नेहमीचे संत्रे दिसले नाही, तेव्हा लोकांना वाटले की आपला रस संपला, हा दुसराच कुठला तरी स्वस्तातला आहे. नवे खोके कुरूप होते अशातला भाग नाही. ते अनोळखी होते, एवढेच.

आता तुमच्या बाजारपेठेत या. गिऱ्हाईक दुकान शोधते तेही याच पद्धतीने. एसटीतून उतरलेली बाई पाटी वाचत येत नाही. हिरवी पाटी, कोपऱ्यावर पिंपळ, दारात स्टुलावर बसलेले आजोबा, एवढ्यावर ती आत शिरते. पाटी बदलताना यातली एखादी खूण गेली, तर तुम्ही पैसे खर्च करून स्वतःचाच पत्ता पुसून टाकता.

पहिली गोष्ट नावाची. मी कुठल्याही दुकानात गेलो की गल्ल्यावर पाच वस्तू मांडायला सांगतो : पाटीचा फोटो, पिशवी, बिल, पैसे घ्यायचा क्यूआर आणि मोबाइलच्या नकाशावर दिसणारे नाव. समजा एक कापडाचे दुकान आहे. पाटीवर 'श्री समर्थ वस्त्रालय', पिशवीवर 'समर्थ क्लॉथ स्टोअर्स', बिलावर मालकांच्या वडिलांचे नाव, नकाशावर 'समर्थ साडी सेंटर'. आणि क्यूआर टिपला की पडद्यावर येते ते मालकांच्या पत्नीचे नाव, कारण खाते त्यांचे आहे. नवखे गिऱ्हाईक तिथे थबकते, विचारते, "हे तुमचंच ना?" रोज पंधरा-वीस वेळा विचारला जाणारा हा प्रश्न म्हणजे नावाला पडलेली भेग आहे. उपाय सोपा आहे. बँकेकडून दुकानाच्या नावाचा व्यापारी क्यूआर घेता येतो. जीएसटी नोंदणीतही मालकाच्या कायदेशीर नावाखेरीज दुकानाच्या व्यापारी नावाची वेगळी जागा असते. तिथे पाटीवरचेच नाव, त्याच अक्षरांत लिहा.

अक्षरांत, असे मुद्दाम म्हणतो. २०२२मध्ये कायद्यात बदल होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. बऱ्याच जणांनी घाईने पाट्या करून घेतल्या आणि फ्लेक्सवाल्याने त्याला सुचेल तसे लिहिले. एकाच दुकानाच्या दोन पाट्यांवर 'स्टोअर्स' आणि 'स्टोर्स' मी पाहिले आहे. इंग्रजी नावाचे मराठी लेखन एकदा नक्की करा, कागदावर लिहून ठेवा आणि पेंटर, छापखाना, फ्लेक्सवाला या तिघांनाही तोच कागद द्या.

एका गृहस्थांनी मधेच विचारले, "पण लोक आम्हाला वेगळ्याच नावाने ओळखतात, त्याचं काय?" हा सर्वांत चांगला प्रश्न होता. लोक ज्या नावाने हाक मारतात, ते तुम्ही न विकत घेतलेले भांडवल आहे. सगळा गाव 'पिंपळाखालचं दुकान' म्हणत असेल, तर नव्या पाटीवर नावाखाली 'पिंपळाखाली' एवढे लिहा. पाटीवरचे नाव झगमगीत करून लोकांच्या तोंडचे बदलत नाही.

भाऊ वेगळे होतात तेव्हा नावाची खरी कसोटी लागते. एक 'मूळ' लिहितो, दुसरा 'जुने व प्रसिद्ध', आणि दोघेही खाली लिहितात, 'आमची कोठेही शाखा नाही'. गिऱ्हाईक तिसरीकडे जाते. वाटणीपत्रात जागा, माल, उधारी सगळे लिहितात. नाव कोणाचे, हेही लिहायला हवे. नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंद करता येते. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये आहे, आणि नोंद दहा वर्षे टिकते, पुढे नूतनीकरण करता येते. मात्र 'कोल्हापुरी मिसळ' यासारखी नुसती वस्तू सांगणारी नावे, किंवा दर गल्लीत आढळणारी देवांची नावे, यांवर एकट्याचा हक्क मिळणे अवघड असते.

दुसरी गोष्ट रंगाची. लाल आणि पांढऱ्या रंगावरून दोन दंतमंजनवाले कोर्टात गेले होते, हे कोणाला आठवते का? कोलगेटने अँकरविरुद्ध तक्रार केली की, डब्यावर एक तृतीयांश लाल आणि दोन तृतीयांश पांढरा, ही आमची मांडणी त्यांनी उचलली. नावे अगदी वेगळी होती. तरीही २००३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अँकरला ती रंगसंगती वापरण्यास मनाई केली. ज्याला वाचता येत नाही किंवा जो घाईत आहे, तो रंगावरूनच वस्तू उचलतो, हे न्यायालयाने धरले. मोठ्या कंपन्या ज्या रंगासाठी वकील लावतात, तो आपण दर दिवाळीला फुकट सोडून देतो.

कित्येकदा तर न सोडता सुटतो. उन्हात फ्लेक्सवरचा लाल आणि पिवळा आधी उडतो, निळा शेवटपर्यंत टिकतो. दोन पावसाळे गेले की तुमची भगवी पाटी फिकट गुलाबी दिसते, पिशवी मात्र अजून भगवीच. मग नवा फ्लेक्स करताना मुलगा मोबाइलवरून फोटो पाठवतो आणि त्यावरून तिसराच रंग छापला जातो. मोबाइलच्या पडद्यावरचा रंग आणि शाईचा रंग कधी जुळत नाही. म्हणून दुकानाचा रंग तोंडी सांगू नका. ऑइलपेंटच्या डब्यावरचा शेड नंबर लिहून ठेवा, छापखान्याकडून त्या रंगाचे शाईचे चार आकडे घ्या आणि पाटीची मूळ फाइल स्वतःजवळ ठेवा. फ्लेक्सवाला बदलला की ती फाइल त्याच्या संगणकात राहते आणि तुमचा रंगही तिथेच राहतो. रंग दोनच पुरेत. तिसरा आला की माणसाला तो आठवत नाही.

तिसरी गोष्ट वचनाची, आणि इथे सर्वांत जास्त गफलत होते. 'ग्राहक हाच देव' हे वचन नाही, कारण ते मोडले की पाळले हे कोणालाच सांगता येत नाही. 'कपड्याचा रंग गेला तर बदलून देऊ' हे वचन आहे. माझी परीक्षा साधी असते : मालक लग्नाला गेले आहेत, गल्ल्यावर नोकर एकटा आहे आणि एक बाई रंग गेलेली साडी घेऊन आली. नोकर काय करतो? "शेठ आल्यावर या" म्हणाला, तर ते वचन पाटीवरच राहिले.

याचा हिशेब मांडू. समजा महिन्याला शंभर साड्या विकल्या जातात आणि दोन परत येतात. एकीची खरेदी किंमत आठशे रुपये. महिन्याला सोळाशे, वर्षाला एकोणीस हजार दोनशे. चाळीस हजारांच्या चमकत्या अक्षरांच्या पाटीच्या पैशांत हे वचन दोन वर्षे पाळता येते. बदलून मिळालेली साडी त्या बाईच्या नणंदेपर्यंत पोचते, पाटी पोचत नाही. आणि शंभरात दहा साड्या परत यायला लागल्या, तर वचन मागे घेऊ नका, पुरवठादार बदला. वचनामुळेच तुम्हाला कळले की माल खराब आहे.

वचन गोडच असावे लागते, असेही नाही. पुण्यातल्या चितळे बंधूंचे दुकान दुपारी एक ते चार बंद, यावर किती विनोद झाले! पण विनोद व्हायला ती वेळ आधी सगळ्यांना ठाऊक असावी लागते. १९५०पासूनचे दुकान, ठरलेली चव, ठरलेली वेळ. २०१७मध्ये त्यांनी दुपारची सुट्टी बंद केली, तर त्याची बातमी झाली. तुमच्या दुकानाची वेळ बदलली तर किती जणांच्या लक्षात येईल, हे स्वतःला विचारून पाहा.

एक इशारा मात्र देतो. सातत्य ही दुधारी तलवार आहे. माल खोटा असेल, मापात मारत असाल, तर तेच नाव आणि तोच रंग लोकांना तुम्हाला टाळायला मदत करतात. अशा वेळी काही जण पाटी बदलून सुटका करून घ्यायला बघतात. मोठ्या शहरात ते वर्षभर चालून जाईल. तालुक्याच्या गावात तिसऱ्या दिवशी लोक म्हणतात, "नाव बदललंय, माणूस तोच."

पाटी कधीच बदलू नये, असे मी म्हणत नाही. कायदा सांगत असेल, पत्रा गंजला असेल, अक्षरे उडाली असतील, तर जरूर बदला. फक्त एका वेळी एकच गोष्ट बदला. अक्षरे नवी केलीत तर रंग जुना ठेवा. जागा बदललीत तर नाव, रंग, अक्षरे सगळे तेच राहू द्या आणि जुन्या जागी निदान सहा महिने नव्या पत्त्याचा फलक ठेवा.

भाषण संपल्यावर एक किराणा दुकानदार जवळ आले. नव्या पाटीचा विसार दिलेला होता, आता काय करू म्हणाले. मी तुम्हालाही तेच सांगतो, जे त्यांना सांगितले : आज रात्री दुकान वाढवण्याआधी त्या पाच वस्तू गल्ल्यावर मांडा. नाव आणि रंग पाचांवर एकसारखे असतील, तर पाटी खुशाल करा. नसतील, तर आधी ते जुळवा आणि पाटीवाल्याला महिनाभर थांबायला सांगा.